को-ऑपचा पगार मिळाला, पण ३६५वा दिवस भरला तर अमेरिकेतली पुढची नोकरी हातची जाते

बारावी आणि इंजिनिअरिंगचे निकाल लागले की तालुक्याच्या ठिकाणी परदेशी शिक्षणाचे सेमिनार सुरू होतात. मंगल कार्यालयाचा हॉल, प्रोजेक्टर, चहा-बिस्किटं आणि पडद्यावर मोठ्या अक्षरात ‘शिकता शिकता डॉलरमध्ये पगार’. एजंट सांगतो, डिग्रीतच ‘को-ऑप’ आहे, सहा-आठ महिने कंपनीत काम करायचं, फीचे अर्धे पैसे तिथूनच निघतात. मागे बसलेला बाप मनातल्या मनात हिशेब करतो आणि घर किंवा बिगरशेती प्लॉट तारण ठेवायची तयारी दाखवतो.

एजंटचं सांगणं साफ खोटं नाही. को-ऑप हा खरा प्रकार आहे आणि शंभर वर्षांहून जुना आहे. अमेरिकेतल्या सिनसिनाटी विद्यापीठात हर्मन श्नायडर या प्राध्यापकाने १९०६ मध्ये तो सुरू केला. काही महिने वर्गात, काही महिने कारखान्यात, अशी ती पद्धत होती. बोस्टनचं नॉर्थईस्टर्न, फिलाडेल्फियाचं ड्रेक्सेल ही विद्यापीठं आज त्यासाठीच ओळखली जातात. पण सेमिनारमध्ये सहसा न सांगितली जाणारी गोष्ट अशी की परदेशी विद्यार्थ्यासाठी को-ऑपचा प्रत्येक दिवस व्हिसाच्या वहीत मोजला जातो. ती मोजणी चुकली तर शिक्षणानंतरची तीन वर्षांची कामाची परवानगी जाऊ शकते. कर्ज फिटणार असतं ते याच तीन वर्षांत.

को-ऑप म्हणजे विद्यापीठाने दिलेली नोकरी नव्हे

पहिला गैरसमज इथेच होतो. ‘को-ऑप असलेली डिग्री’ याचा अर्थ विद्यापीठ नोकरी लावून देतं असा घेतला जातो. प्रत्यक्षात विद्यापीठ देतं ती सोय. कंपन्यांची यादी असते, मार्गदर्शक असतो, अभ्यासक्रमात कामासाठी जागा ठेवलेली असते. अर्ज, मुलाखत आणि निवड हे सगळं विद्यार्थ्यालाच पार करावं लागतं. निवड झाली नाही तर वर्गातले विषय घेऊन डिग्री पूर्ण करायची, पगार शून्य. ज्या कर्जाचं गणित को-ऑपच्या पगारावर मांडलंय, ते गणित तिथेच कोसळतं.

दुसरी गोष्ट वेळेची. अमेरिकेत एफ-१ व्हिसावर गेलेल्या विद्यार्थ्याला विद्यापीठाबाहेर को-ऑप किंवा इंटर्नशिप करायची असेल तर ‘सीपीटी’ नावाची परवानगी लागते. ती साधारणपणे एक पूर्ण शैक्षणिक वर्ष, म्हणजे दोन सेमिस्टर झाल्यावरच मिळते. ऑगस्टमध्ये गेलेल्या मुलाला पहिला को-ऑप पुढच्या मे महिन्याच्या आत मिळत नाही. तोवर विद्यापीठाच्या आवारातलं काम, तेही सेमिस्टर सुरू असताना आठवड्याला २० तासांपर्यंतच. म्हणून पहिल्या वर्षाची फी आणि राहण्याचा खर्च को-ऑपमधून निघण्याचा प्रश्नच येत नाही. व्हिसाच्या मुलाखतीलाही त्या वर्षाचे पैसे आधीच जवळ आहेत हे दाखवावं लागतं.

परवानगी कोण देतं, कुठे लिहिलेली असते

सीपीटीसाठी सरकारकडे वेगळा अर्ज करावा लागत नाही, वेगळं कार्डही मिळत नाही. विद्यापीठातला परदेशी विद्यार्थ्यांचा नियुक्त अधिकारी सरकारच्या ‘सेविस’ या संगणक प्रणालीत नोंद करतो. मग विद्यार्थ्याच्या आय-२० या कागदाच्या दुसऱ्या पानावर ती छापून येते. त्यात कंपनीचं नाव, काम पूर्णवेळ की अर्धवेळ, सुरुवातीची तारीख आणि शेवटची तारीख असते.

त्या चार गोष्टी म्हणजेच परवानगी. आय-२०वर सोमवारची तारीख असताना कंपनीने आधीच्या गुरुवारी ट्रेनिंगला बोलावलं आणि पोरगं गेलं, तर ते विनापरवाना काम ठरतं. कंपनी बदलली, तर जुनी नोंद नव्या कंपनीला चालत नाही. साहेब म्हणाले ‘अजून दोन आठवडे थांब’, तर आधी आय-२०वरची तारीख वाढली पाहिजे, मग थांबायचं. एच-१बीच्या वेळी, काही वर्षांनी, हीच पानं पुन्हा तपासली जातात.

३६५ दिवसांचा नियम

आता मुख्य मुद्दा. डिग्री संपल्यावर एफ-१ विद्यार्थ्याला ‘ओपीटी’ नावाची १२ महिन्यांची कामाची परवानगी मिळू शकते. विज्ञान, तंत्रज्ञान, इंजिनिअरिंग किंवा गणिताची, म्हणजे ‘स्टेम’ यादीतली डिग्री असेल तर त्यात आणखी २४ महिन्यांची भर पडते. एकूण ३६ महिने. पण नियम असा आहे की त्याच पातळीच्या शिक्षणात पूर्णवेळ सीपीटी एक वर्ष किंवा जास्त झाली, तर ओपीटी मिळत नाही. आणि २४ महिन्यांची वाढ ही ओपीटीचीच वाढ असल्याने, मूळ गेलं की वाढही गेली.

आठवड्याला २० तास किंवा कमी, अशी अर्धवेळ सीपीटी या मोजणीत धरत नाहीत. बीईच्या वेळी झालेली सीपीटी एमएसच्या खात्यात येत नाही. मोजले जातात ते या डिग्रीतले पूर्णवेळ दिवस, आणि तेही आय-२०वरच्या तारखांप्रमाणे. शनिवार-रविवार, सणाची सुट्टी, आजारपण, सगळं धरून.

कागदावर हे सोपं वाटतं. प्रत्यक्षात चूक कशी होते ते एका उदाहरणाने पाहू.

समजा, तालुक्यातली एक मुलगी ऑगस्ट २०२६ मध्ये कॉम्प्युटरच्या एमएससाठी अमेरिकेत गेली. दोन सेमिस्टर झाली. १० मे २०२७, सोमवारी तिचा पहिला को-ऑप सुरू झाला आणि १७ डिसेंबर, शुक्रवारी संपला. काम चांगलं झालं, कंपनी खूश. हे झाले २२२ दिवस.

नव्या वर्षात दुसऱ्या कंपनीत दुसरा को-ऑप मिळाला. ३ जानेवारी २०२८ पासून १९ मेपर्यंत. हे १३८ दिवस. एकूण ३६०. अजून सगळं ठीक आहे, हाताशी चार दिवस उरलेत.

मे महिन्यात टीम लीडर म्हणतो, प्रोजेक्ट संपत आलाय, आणखी एक आठवडा थांब, २६ मेला मोकळी कर. आठवड्याचा पगार मिळणार, वर साहेबाचं मन राखलं जाणार. तिने विद्यापीठाकडून आय-२०वरची तारीख वाढवून घेतली. सगळं रीतसर, कुठेही लबाडी नाही. पण आकडा झाला ३६७. ३६ महिन्यांची परवानगी त्या एका आठवड्यात गेली.

विद्यापीठाचा अधिकारी थांबवत नाही का? बरेच जण थांबवतात. पण हजारो विद्यार्थ्यांच्या फायली असतात, आणि सीपीटी एक वर्षावर जाणं हा गुन्हा नाही, त्यामुळे नोंद होऊ शकते. परिणाम भोगायचे ते विद्यार्थ्यानेच. म्हणून दिवस स्वतः मोजायचे, कॅलेंडर घेऊन, आणि ३६४च्या बऱ्याच अलीकडे थांबायचं.

तो एक आठवडा किती महागात पडतो

हीच मुलगी उरलेले विषय पूर्ण करून १५ डिसेंबर २०२८ ला डिग्री संपवते असं धरू. दोन को-ऑपमुळे दोन वर्षांचा कोर्स जवळपास अडीच वर्षांचा झाला आहे.

तिने ३६० दिवसांवर थांबली असती तर पुढची वाट अशी होती. जानेवारी २०२९च्या आसपास ओपीटी सुरू, एक वर्षाने स्टेमची वाढ, म्हणजे २०३२च्या सुरुवातीपर्यंत अमेरिकेत काम. दरम्यान एच-१बी व्हिसाची लॉटरी दरवर्षी मार्चमध्ये होते. २०२९, २०३० आणि २०३१ असे तीन मार्च तिच्या वाट्याला आले असते.

३६७ दिवस झाल्यावर काय? डिग्री संपल्यापासून ६० दिवसांची सवलत मिळते. ती १३ फेब्रुवारी २०२९ ला संपते. मार्चची लॉटरी येण्याआधीच तिला देश सोडावा लागतो, किंवा पुन्हा फी भरून दुसऱ्या कोर्सला बसावं लागतं.

परत येऊन इथून एच-१बी मिळवू, असं म्हणायची सोय आता फारशी उरलेली नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये अमेरिकेच्या अध्यक्षांनी काढलेल्या आदेशाने देशाबाहेरच्या व्यक्तीसाठी नवीन एच-१बी अर्ज करणाऱ्या कंपनीवर १ लाख डॉलरचा आकार लावला. आदेश १२ महिन्यांसाठी काढला होता, वाढवण्याची तरतूद ठेवून. पुढच्या महिन्यात तिथल्या इमिग्रेशन खात्याने खुलासा केला की देशातच राहून एफ-१वरून एच-१बीवर जाणाऱ्याला तो लागू नाही. याचा सरळ अर्थ असा की ओपीटीवर आत बसलेला उमेदवार आणि परत आलेला उमेदवार, दोघांची डिग्री तीच असली तरी कंपनीच्या दृष्टीने त्यांच्यात लाख डॉलरचं अंतर पडतं. नव्याने पास झालेल्या पोरासाठी एवढे पैसे मोजणारी कंपनी शोधून सापडणं कठीण.

मग को-ऑप करायचाच नाही का?

तसं नाही. को-ऑपची खरी किंमत पगारात नाही, ती पुढच्या नोकरीत आहे. आणि लॉटरीच्या नव्या पद्धतीने ती किंमत वाढवलीच आहे.

एच-१बीच्या वर्षाला ८५ हजार जागा असतात, त्यातल्या २० हजार अमेरिकेतून मास्टर्स किंवा वरची डिग्री घेतलेल्यांसाठी. आतापर्यंत सगळ्यांच्या चिठ्ठ्या सारख्या होत्या. २०२६च्या मार्चमधल्या नोंदणीपासून चिठ्ठ्यांना पगाराप्रमाणे वजन आलं. त्या कामाच्या, त्या भागातल्या पगाराच्या चार पातळ्या धरल्या जातात. सगळ्यात खालच्या पातळीचा पगार देऊ केला असेल तर ड्रममध्ये एक चिठ्ठी, दुसऱ्या पातळीला दोन, तिसरीला तीन, चौथीला चार.

कोरा फ्रेशर बहुधा पहिल्या पातळीवर अडकतो. ज्याने त्याच कंपनीत आठ महिने काम केलं आहे, ज्याला वेगळं शिकवावं लागत नाही, तो पगाराची बोलणी थोड्या वरून सुरू करू शकतो. पगार दुसऱ्या पातळीला पोचला तर चिठ्ठ्या दुप्पट. शिवाय को-ऑप झालेली कंपनीच कायमची नोकरी देऊ करते, असं बऱ्याचदा घडतं. ओपीटीत एकूण ९० दिवसांपेक्षा जास्त बेकार राहता येत नाही, तेव्हा आधीच हातात असलेली नोकरी फार मोठा आधार ठरते. ओपीटी सुरू झाल्यावर नोकरी शोधायला लागलेल्या मुलाचे हे ९० दिवस बघता बघता सरतात.

म्हणून दोन छोटे को-ऑप करून वर्ष काठोकाठ भरण्यापेक्षा सहा ते आठ महिन्यांचा एकच, आपल्या विषयातला, आणि एच-१बीसाठी अर्ज करणाऱ्या कंपनीतला को-ऑप जास्त उपयोगाचा. शेवटची अट महत्त्वाची. को-ऑप देणारी प्रत्येक कंपनी पुढे एच-१बीसाठी अर्ज करतेच असं नाही, आणि हे मुलाखतीतच विचारता येतं. स्टेमच्या २४ महिन्यांसाठी तर कंपनी सरकारच्या ‘ई-व्हेरिफाय’ योजनेत नोंदलेली असावीच लागते. लहान कंपन्या अनेकदा त्यात नसतात.

पैशाचा हिशेब

पगाराचं गणितही एकदा मांडून पाहावं. तासाला २५ डॉलर, आठवड्याला ४० तास धरले तर आठवड्याचे १,००० डॉलर. वरच्या उदाहरणातला पहिला को-ऑप साधारण ३२ आठवड्यांचा, म्हणजे ३२ हजार डॉलर. आकडा मोठा दिसतो. पण त्यातून आयकर जातो, कंपनी दुसऱ्या शहरात असेल तर तिथलं नवं घरभाडं जातं, रोजचा खर्च जातो. उरतं ते पुढच्या सेमिस्टरच्या फीला हातभार लावणारं असतं, सगळं कर्ज फेडणारं नसतं. काही विद्यापीठं को-ऑपच्या काळातही क्रेडिटची फी घेतात, ते आधी विचारलेलं बरं.

पगाराच्या चिठ्ठीत एक गोष्ट जरूर पाहावी. एफ-१ विद्यार्थ्याला पहिली पाच कॅलेंडर वर्षं सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअरची कपात साधारणपणे लागू नसते. ती एकूण ७.६५ टक्के असते. कंपनीने सवयीने कापली असेल तर सांगून परत मागता येते.

आणि एक काम इथल्या बँकेत करायचं आहे. शैक्षणिक कर्जाची सवलतीची मुदत सहसा कोर्सचा काळ अधिक एक वर्ष अशी असते. कर्ज मंजूर झालं दोन वर्षांच्या कोर्सवर आणि को-ऑपमुळे डिग्री अडीच वर्षांची झाली, तर हप्ता अपेक्षेपेक्षा लवकर दारात येतो. विद्यापीठाचं कोर्स वाढल्याचं पत्र शाखेत वेळेत द्यावं. सहीसाठी आई-वडिलांना तालुक्याला हेलपाटे घालायला लागतात, पण खातं थकीत होण्यापेक्षा ते बरं.

‘पहिल्या दिवसापासून काम’ म्हटलं की सावध

ओपीटी संपली, लॉटरी लागली नाही, अशा मुलांसाठी दुसरा एक बाजार उभा आहे. दुसऱ्या मास्टर्सला प्रवेश घ्या आणि पहिल्या दिवसापासून पूर्णवेळ सीपीटीवर काम करा, असं सांगितलं जातं. काम हा कोर्सचा तातडीचा भाग असलेल्या पदव्युत्तर अभ्यासक्रमात एक वर्षाची अट नसते, या अपवादावर तो चालतो. अपवाद कायद्यात आहे. पण वर्ग नावालाच, फी घेतली की कागद तयार, असं असेल तर पुढे एच-१बीच्या वेळी ‘खरंच शिकत होता का’ हे सिद्ध करायची वेळ येते.

मिशिगनमधल्या ‘युनिव्हर्सिटी ऑफ फार्मिंग्टन’चं प्रकरण विसरता येणार नाही. हे विद्यापीठ अमेरिकी सरकारनेच सापळा म्हणून उभं केलं होतं. तिथे ना वर्ग होते ना प्राध्यापक. नाव घालायचं आणि सीपीटीच्या कागदावर काम करायचं. जानेवारी २०१९ मध्ये ते उघड झालं तेव्हा सुमारे ६०० जणांनी नावं घातलेली होती, बहुतेक भारतीय. शंभरावर भारतीय विद्यार्थी ताब्यात घेतले गेले.

ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेच्या गृहसुरक्षा खात्याने नवा प्रस्ताव मांडला. एफ-१ विद्यार्थ्याला ‘शिक्षण असेपर्यंत’ राहू देण्याऐवजी जास्तीत जास्त चार वर्षांची ठराविक मुदत द्यायची, आणि एका पातळीची डिग्री झाल्यावर त्याच पातळीचा दुसरा कोर्स एफ-१वर करू द्यायचा नाही, असं त्यात आहे. डिग्रीनंतरची ६० दिवसांची सवलतही ३० वर आणण्याचं म्हटलं आहे. या दिशेने नियम गेले तर ‘ओपीटी गेली तरी दुसरा मास्टर्स करू’ हा आजवरचा उतारा बंद होतो. त्या परिस्थितीत ३६५व्या दिवसाची चूक सुधारायला जागाच उरत नाही.

सही करण्याआधी विचारायचं

सेमिनारमध्ये प्रश्न विचारायला संकोच वाटतो, पण पैसे भरण्याआधी एजंटला आणि ईमेलवर थेट विद्यापीठाला चार गोष्टी विचाराव्यात. सीपीटी कितव्या सेमिस्टरनंतर मिळते? को-ऑप सक्तीचा आहे की ऐच्छिक, आणि जास्तीत जास्त किती महिने करता येतो? को-ऑपच्या काळात फी किती? आणि आय-२०वर कोर्सच्या नावापुढे छापला जाणारा सहा आकडी कोड स्टेम यादीत आहे का? चौथा प्रश्न मॅनेजमेंटच्या कोर्सला जाणाऱ्यांनी तर नक्कीच विचारावा. नावात ‘ॲनालिटिक्स’ असलं म्हणजे कोड स्टेमचा असतोच असं नाही, आणि कोड नसेल तर ३६ महिन्यांचे १२ होतात.

एजंट ‘कॅनडातही असंच असतं’ म्हणाला तर तेही तसंच स्वीकारू नये. कॅनडाचा कायदा वेगळा आहे. तिथे पूर्णवेळ शिकत असताना केलेल्या को-ऑपचा अनुभव ‘कॅनेडियन एक्सपीरियन्स क्लास’मधून कायम रहिवास मागताना धरला जात नाही. शब्द एकच असला तरी देशागणिक त्याचा हिशेब बदलतो.

उत्तरं लेखी मिळाली तर पुढे जावं. आणि मुलगा-मुलगी तिकडे पोचल्यावर को-ऑपचं पत्र आलं, की घरी पेढे वाटण्याबरोबर आय-२०वरच्या दोन तारखा कॅलेंडरवर लिहून ठेवाव्यात. मधले दिवस घरच्यांनाही मोजता येतात.